कुळ की कूळ: ठाण्यातल्या एका वकिली कार्यालयाचा शब्दकोश

पार्श्वभूमी

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ दोन खोल्यांचं एक वकिली कार्यालय आहे. माणसं चार: मॅडम, त्यांच्याकडे तीन वर्षं काम करणारा ज्युनियर, टायपिस्ट काका आणि कोर्टाच्या फेऱ्या मारणारे मुन्शी. काम बहुतेक मिळकतींचं. हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं, कुलमुखत्यारपत्रं, वारसांचे अर्ज, सोसायट्यांचे वाद आणि शहापूर-मुरबाडकडच्या काही जुन्या शेतजमिनींचे दावे. तीन संगणक, तिन्हींवर LibreOffice, त्यात मराठी स्पेलचेक बसवलेला. दस्त आणि खालच्या कोर्टातली कागदपत्रं मराठीत, हायकोर्टात जाणारं सगळं इंग्रजीत.

मी कायद्याच्या कागदपत्रांचं भाषांतर करते आणि मॅडमचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. या वेळी मात्र त्यांनी भाषांतरासाठी बोलावलं नव्हतं. कार्यालयाच्या स्पेलचेकमध्ये कायद्याचे कोणते शब्द घालायचे ते ठरवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दोन तासांचं काम असेल असं मला वाटलं. त्यात पाच शनिवार गेले.

अडचण

निमित्त एका हक्कसोडपत्राचं. वडील वारल्यावर तीन बहिणींनी फ्लॅटमधला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडला होता. दस्त नोंदवून झाला, सगळे आपापल्या घरी गेले. पुढे भाऊ सोसायटीत भागपत्र नावावर करून घ्यायला गेला, तेव्हा चिटणिसांनी दस्त वाचला आणि परत दिला. थोरल्या बहिणीचं नाव कृष्णाबाई. दस्तात ते सात ठिकाणी येतं, त्यातल्या दोन ठिकाणी ‘कृष्णबाई’ झालं होतं. एक काना गेला. त्यासाठी चूक दुरुस्तीपत्र करावं लागलं, म्हणजे त्याच सगळ्या माणसांना पुन्हा दुय्यम निबंधकांसमोर उभं करणं आलं. थोरल्या बहिणी तोवर नाशिकला परत गेल्या होत्या.

दस्त छापण्याआधी काकांनी स्पेलचेक लावला होता आणि ‘कृष्णबाई’खाली लाल रेघ आली नव्हती. ती का आली नाही, हे शोधताना ज्युनियरला कार्यालयाचा स्वतःचा कोश सापडला. त्यात ‘कृष्णाबाई’ होतं आणि चार ओळी सोडून ‘कृष्णबाई’ही होतं. केव्हातरी दुसऱ्याच कुठल्या कागदात त्या शब्दाखाली लाल रेघ आली, काकांनी उजवं बटण दाबून Add to Dictionary केलं आणि तेव्हापासून तो शब्द त्या संगणकापुरता शुद्ध झाला.

कोशात काय सापडलं

LibreOffice मध्ये आपण घातलेले शब्द साध्या मजकुराच्या फाइलीत जातात. विंडोजवर ती `%APPDATA%\LibreOffice\4\user\wordbook` इथे असते, नाव `standard.dic`. नोटपॅडमध्ये उघडते. काकांच्या संगणकावरच्या फाइलीत बाराशेच्या आसपास शब्द होते. मी ते छापून घेतले आणि पेन्सिलीने ढीग पाडायला बसले.

पहिल्या ढिगाने मला चक्रावूनच टाकलं. ‘आहे’, ‘आणि’, ‘मध्ये’, ‘त्यांनी’, ‘झाले’. जवळजवळ एक तृतीयांश यादी असल्या शब्दांची. मराठी स्पेलचेकला ‘आहे’ शिकवावं लागतं? काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “अहो, सुरुवातीला पानभर लाल व्हायचं. डोळ्यांना त्रास. एकेक करून सगळे घालत गेलो.”

पान लाल होण्याचं कारण निराळं होतं. कार्यालयाचे बरेच नमुने जुन्या संगणकावरून आलेले, आणि त्यांतल्या देवनागरी मजकुरावर भाषेचा शिक्का हिंदीचा होता. लिपी एकच असल्यामुळे प्रोग्रामला आपोआप फरक कळत नाही. शिक्का हिंदी असेल तर तो हिंदीचा कोश लावतो आणि हिंदीत ‘आहे’ नाही. खिडकीच्या तळाच्या पट्टीवर चालू मजकुराची भाषा दिसते, पण तिथे कोण बघतो? म्हणजे दोन वर्षं काका चुकीच्या कोशाशी भांडत होते. ‘घालून टाका’ ही सवयही त्यातूनच लागली होती.

दुसरा ढीग नावांचा, सर्वांत मोठा. पक्षकार, गावं, इमारती, बिल्डर. एकेका नावाची दोन-दोन, तीन-तीन रूपं.

तिसरा ढीग तुकड्यांचा. ‘चतु’, ‘नि’, ‘दु’ असे अर्धेमुर्धे शब्द. ‘चतु’ बघून आधी काही बोध होईना. मग एक खरेदीखत उघडलं आणि मिळकतीच्या वर्णनात ‘चतु:सीमा’ दिसलं. ‘तु’च्या पुढे विसर्ग नव्हता, तिथे इंग्रजी कळफलकावरचा अपूर्णविराम होता. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण या संगणकांवर स्पेलचेक त्या चिन्हापाशी शब्द तोडत होता, ‘सीमा’ पास करत होता आणि एकट्या ‘चतु’खाली रेघ मारत होता. रेघ बरोबर होती. विसर्ग चुकलाय हे सांगायचा तेवढाच मार्ग त्याच्याकडे होता, आणि ‘चतु’ कोशात घालून तो बंद केला गेला होता.

चौथ्या ढिगात एकाच दिसण्याचे जुळे शब्द निघाले. ‘ॲडव्होकेट’ दोनदा, ‘दुसऱ्या’ दोनदा, डोळ्यांना काडीचा फरक नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकटं स्वतंत्र चिन्ह (U+0972) म्हणून येतं, तसंच ‘अ’ला पुढे चंद्राची खूण जोडूनही (U+0905, U+0945) टाइप होतं. ‘दुसऱ्या’तला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’पासून करतात, काही साध्या ‘र’पुढे न दिसणारी जोडखूण घालून. काकांचा कळफलक एक, ज्युनियरचा दुसरा. दिसायला सारखं असलं तरी स्पेलचेकच्या आणि शोधा-बदलाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द.

हे सगळं वजा जाता कायद्याचे म्हणावेत असे जेमतेम दोनशे शब्द उरले, आणि त्यातलेही बरेच चुकीचे. ‘कुलमुखत्यारपत्र’ चार प्रकारांनी होतं. ‘मृत्युपत्र’ही होतं, ‘मृत्यूपत्र’ही.

कोणते पर्याय होते

ज्युनियरचा आग्रह असा की सगळं पुसायचं आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणून त्यातले शब्द सरसकट भरायचे. कल्पना वाईट नव्हती, सरकारी कोशाच्या आधाराने लेखनाचा वाद तरी मिटला असता. पण असे कोश इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द देण्यासाठी केलेले असतात. बऱ्याच नोंदी दोन-तीन शब्दांच्या, आणि स्पेलचेकला एका वेळी एकच सुटा शब्द कळतो. शिवाय त्यातल्या कितीतरी संज्ञा या कार्यालयात वर्षभरात एकदाही टाइप होत नाहीत. न लागणारा शब्द कोशात आला की फायदा शून्य. धोका मात्र राहतो, कारण तो दुसऱ्या शब्दाची चूक झाकू शकतो.

हा धोका मॅडमना पटला तो इंग्रजीतल्या एका उदाहरणाने. ‘इंटर अलिया’साठी `alia` घालायचं का, असा प्रश्न आला. हायकोर्टाच्या कागदात ते नेहमी येतं, तेव्हा घाला, असं त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच फाइलींत `alias` शोधून दाखवलं. प्रत्येक दुसऱ्या दाव्यात ‘अमुक उर्फ तमुक’ असतं. घाईत शेवटचा `s` राहिला की `alia` उरतं, आणि ते कोशात असलं की रेघ येणार नाही. ‘इंटर अलिया’खाली रेघ आली तर बिघडत काही नाही, पक्षकाराच्या नावाशेजारी ती आली नाही तर बिघडतं. `alia` घातलं नाही.

तिथून पुढे प्रत्येक शब्दाला आम्ही हाच प्रश्न विचारू लागलो. शब्द शुद्ध आहे का, हे नंतर. तो घातल्यावर कुठली चूक दिसेनाशी होईल, हे आधी.

काकांचा पर्याय सर्वांत साधा होता: स्पेलचेकच बंद करा, पूर्वी रेमिंग्टनवर कुठे होता? मॅडम हसल्या, पण मला तो पर्याय हसण्यावारी न्यावासा वाटला नाही. दुर्लक्षच करायचं असेल तर रेघ नसलेली बरी. ती असूनही गप्प केलेली असली की उलटा विश्वास बसतो. ‘कृष्णबाई’च्या बाबतीत तेच झालं होतं.

ठरलं ते असं: आधी मजकुरावरचा भाषेचा शिक्का सुधारायचा, जुना कोश बाजूला ठेवायचा आणि कार्यालयात खरोखर लिहिल्या जाणाऱ्या कागदांतून नवी यादी काढायची.

यादी कशी काढली

गेल्या सहा महिन्यांतली वेगवेगळ्या पक्षकारांची साठ कागदपत्रं मी साध्या मजकुरात उतरवली आणि माझ्या लॅपटॉपवर, कार्यालयाचा कोश न लावता, नुसत्या मराठी कोशातून काढली:

```
for f in *.txt; do
  hunspell -d mr_IN -i utf-8 -l "$f" | sort -u
done | sort | uniq -c | sort -rn > yadi.txt
```

यातल्या `sort -u`ला महत्त्व आहे. तो नसता तर शब्द एकूण किती वेळा आला ते मोजलं गेलं असतं आणि यादीच्या डोक्यावर पक्षकारांची नावं बसली असती, कारण एका दस्तात एक नाव चाळीस-चाळीसदा येतं. `sort -u`मुळे एका फाइलीतला शब्द एकदाच धरला जातो, म्हणजे शब्दापुढचा आकडा हा तो किती प्रकरणांत आला याचा आकडा होतो. तीनपेक्षा कमी प्रकरणांत आलेला शब्द आम्ही बघितलाच नाही. जवळजवळ सगळी नावं तिथेच गळाली.

जुन्या श्रीलिपी वळणाच्या फॉन्टमधल्या फाइली यात धरता आल्या नाहीत. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, स्पेलचेकला त्यातलं काही कळत नाही.

शब्द निवडताना

शनिवारी दुपारी, कोर्टाची धावपळ नसताना, आम्ही चौघं यादी घेऊन बसायचो. ‘हक्कसोडपत्र’, ‘वकालतनामा’, ‘बिनशेती’, ‘पोटखराबा’, ‘भोगवटादार’ हे शब्द वाद न होता पुढे गेले. अडलो ते ‘कूळ’पाशी.

शेतजमिनीच्या दाव्यांत कूळ सतत येतं आणि काका कायम ‘कुळ’ लिहितात. “कुळकायद्यात ‘कु’ पहिलाच आहे ना?” त्यांचा मुद्दा होता. आहे. पण मराठीत असे शब्द एकटे असताना दीर्घ आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतात. कूळ, पण कुळाने, कुळास, कुळाचा. हुकूम, पण हुकुमान्वये. वकील, पण वकिलांनी. अपील, पण अपिलात. तेव्हा कोशात नुसतं ‘कुळ’ घातलं तर चुकीचं एकटं रूप पास होतं. नुसतं ‘कूळ’ घातलं तर ‘कुळाने’खाली रेघ येते, आणि ती घालवायला कोणीतरी ‘कूळाने’ लिहून मोकळं होतं. शब्द घालायचा तर सगळ्या रूपांनिशी घालावा लागतो. इंग्रजीत एक शब्द घातला की काम झालं. मराठीत शब्द म्हणजे घरच्या मंडळींसकट येणारा पाहुणा.

‘अपिलात’वर मॅडमनीच हरकत घेतली. “अहो, जुन्या निकालांत सर्रास ‘अपीलात’ आहे. मी निकालातला उतारा देताना तो बदलू का?” मुद्दा बिनतोड होता. उतारा जसाच्या तसा हवा, त्यात आपलं शुद्धलेखन घुसवायचं नाही. पण म्हणून ‘अपीलात’ कोशात घातलं तर आपल्या मजकुरातही ते चालून जाणार. शेवटी उताऱ्याच्या परिच्छेदाचा भाषेचा शिक्का काढून टाकायचा, म्हणजे तिथे स्पेलचेक लागतच नाही, आणि तो परिच्छेद मूळ कागदाशी दोघांनी ताडायचा असं ठरलं. मुन्शी मोठ्याने वाचतात, काका पडद्यावर बोट फिरवतात. त्याला वेळ लागतो, पण मला तरी दुसरा उपाय सुचला नाही.

‘मृत्युपत्र’ला दहा मिनिटं लागली. एकटा ‘मृत्यू’ दीर्घ, समासात ‘मृत्युपत्र’ ऱ्हस्व. ज्युनियरला हे पटेना, कारण रस्त्यावरच्या निम्म्या पाट्यांवर ‘मृत्यूपत्र’ असतं. मॅडमनी निकाल दिला: आपल्या कार्यालयातून ऱ्हस्वच जाईल.

नावांच्या बाबतीत मी ठाम होते, कायमच्या कोशात एकही नाव नको. लाल रेघ नावाखाली यायलाच हवी, म्हणजे नजर तिथे थांबते. काकांची कुरकूर अशी की वीस वारसांच्या दाव्यात पान लालेलाल होईल. म्हणून मोठ्या प्रकरणांसाठी सवलत काढली. त्या प्रकरणापुरता वेगळा छोटा कोश करायचा, त्यात नावं आधार कार्ड किंवा सातबारा समोर ठेवून भरायची, भरणारा एक आणि तपासणारा दुसरा. काम संपलं की तो कोश काढून टाकायचा. लहान दस्तात Ignore All पुरतं, ती यादी कायम राहत नाही.

काय केलं

सगळी रूपं हाताने भरत बसलो असतो तर दोनशे शब्दांचे तीन हजार झाले असते. इथे LibreOffice मधली एक सोय उपयोगी पडली. भाषा ठरवून दिलेल्या कोशात नव्या शब्दाशेजारी Grammar By असा रकाना असतो. तिथे मूळ कोशातला एखादा ओळखीचा शब्द दिला की त्याला लागणारे प्रत्यय नव्या शब्दालाही लागतात. फाइलीत ते असं दिसतं:

```
OOoUserDict1
lang: mr-IN
type: positive
---
मृत्युपत्र==पत्र
हक्कसोडपत्र==पत्र
वकालतनामा==पंचनामा
भोगवटादार==दुकानदार
```

कायद्याच्या मराठीला ही सोय चपखल बसते, कारण तिच्या शब्दांची शेपटं ठरलेली. पत्र, नामा, दार, खत. नमुन्याचं शेपूट मात्र तेच हवं. ‘वकालतनामा’ला ‘पत्र’ दाखवलं तर ‘वकालतनाम्यात’ जमणार नाही, कारण तिथे शेवटचा ‘मा’ जाऊन ‘म्या’ होतो आणि ती युक्ती ‘पंचनामा’लाच येते. शिवाय नमुन्याच्या शब्दाला मूळ कोशात प्रत्ययांचे नियम जोडलेले असावे लागतात. ते जोडलेत की नाही हे बघायची सोपी रीत म्हणजे नवा शब्द घालून त्याची तीन-चार रूपं टाइप करायची: वकालतनाम्यात, वकालतनाम्याचा, वकालतनाम्यावर. रेघ आली तर नमुना बदलायचा. काही शब्दांना कुठलाच नमुना लागू पडला नाही. ‘कूळ’ त्यातलाच, त्याची अकरा रूपं हातानेच भरली.

दुसरा कोश उलट्या प्रकारचा केला. LibreOffice मध्ये कोश करताना Exception (-) निवडलं की त्यातल्या शब्दांखाली रेघ येतेच, मग मूळ कोश त्यांना शुद्ध म्हणत असला तरी.

```
OOoUserDict1
lang: mr-IN
type: negative
---
कुळ==कूळ
अपीलात==अपिलात
मृत्यूपत्र==मृत्युपत्र
```

उजवीकडचं रूप सुचवणीत येतं. हा कोश मुद्दाम लहान ठेवला. जे रूप मूळ कोशालाही चूक वाटतं, ते इथे घालायची गरज नसते. पक्की सुचवण हवी असेल तरच घालायचं.

इंग्रजीसाठीही असाच एक उलटा कोश केला, त्यात आठच शब्द आहेत. `statue`, `trail`, `pubic` हे तीन तर इंग्रजीत टाइप करणाऱ्या कुठल्याही वकिलाकडे असावेत. तिन्ही शुद्ध इंग्रजी शब्द, म्हणून एरवी रेघ येत नाही, आणि एकेक अक्षर इकडेतिकडे झालं की `statute`, `trial`, `public` यांची जागा घेतात. ठाण्यातल्या कार्यालयात पुतळ्यांवर दावे फारसे होत नाहीत, तेव्हा `statue`खाली कायम रेघ आली तरी नुकसान नाही.

शेवटचा प्रश्न होता, शब्द घालायचा अधिकार कोणाचा. Add बंदच करावं असं मला आधी वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, बंद केलं तर काका दुसरी काहीतरी वाट काढतील. मग ‘कच्चा’ नावाचा तिसरा कोश केला. उजव्या बटणावर Add to Dictionary मध्ये कोशांची नावं येतात, तिथे तो निवडायचा. पक्क्या फाइली रीड-ओन्ली केल्या आणि `standard.dic`समोरची खूण काढली. दर शनिवारी ‘कच्चा’ उघडायचा, शब्द एकेक वाचायचे, पक्क्यात न्यायचे किंवा खोडायचे, आणि पक्क्याची प्रत तिन्ही संगणकांवर टाकायची.

काय झालं

पहिलाच सोमवार वाईट गेला, आणि दोष माझा. भाषेचा शिक्का मी चालू फाइलींत बदलला होता, पण काका रोज ज्यातून नवा कागद काढतात ते बावीस नमुने हिंदीतच राहिले होते. जुना कोश काढून घेतलेला. सकाळी साडेदहाला कोर्टात प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पान वरपासून खालपर्यंत लाल. काकांचा फोन आला, आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी बसून प्रत्येक नमुन्यात सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली, परिच्छेदाच्या शैलीतही बदलली आणि Options मध्ये नव्या कागदांसाठी मूळ भाषा मराठी ठेवली.

त्यानंतर फरक दिसू लागला. चार महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा साध्या दस्तात पानाला चार-पाच रेघा येत होत्या, बहुतेक नावांखाली, म्हणजे जिथे हव्या तिथे. पक्क्या कोशात एकशे नव्वदच्या आसपास शब्द होते, उलट्यात सव्वीस. काका विसर्ग लावायला लागले होते, कारण ‘चतु’खालची रेघ आता जात नव्हती. एका बक्षीसपत्रात भाचीचं नाव दोन प्रकारांनी आलेलं मुन्शींनी छापायच्या आधी पकडलं.

न सुटलेलंही आहे. ‘सदर’ आणि ‘सादर’ दोन्ही शुद्ध आणि दोन्ही प्रत्येक पानावर. ‘अर्ज सदर करीत आहे’ असं एकदा कोर्टात गेलंच. उलट्या कोशात यांतला कुठलाच शब्द घालता येत नाही. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, रकमा यांकडे तर स्पेलचेक बघतही नाही, आणि मिळकतीच्या दस्तात खरी महाग चूक तिथलीच.

पुन्हा करायचं तर

नमुन्यांपासून सुरुवात करीन. शिक्का बदलून दोन आठवडे जुना कोश तसाच राहू देईन आणि मगच तो काढीन. तसं केलं असतं तर तो सोमवार टळला असता.

कळफलकाचा प्रश्न मी कोशात सोडवायला गेले, तेही चुकलं. ‘ॲ’ची आणि ‘ऱ्या’ची दोन्ही रूपं आधी पक्क्यात ठेवली होती, कोणाला त्रास नको म्हणून. मग एका कागदात शोधा-बदला केलं, ‘दुसऱ्या’ निम्म्या ठिकाणी बदललं आणि निम्म्या ठिकाणी तसंच राहिलं. तिन्ही संगणकांवर एकच कळफलक बसवणं हे पहिल्या दिवसाचं काम होतं. ते तिसऱ्या महिन्यात झालं आणि ज्युनियर अजून त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाही.

साठ कागद घेतले तेव्हा ते सगळे छापून गेलेले, म्हणजे काकांच्या हाताने बऱ्यापैकी सुधारलेले होते. पहिल्या खर्ड्यांवरून यादी काढली असती तर उलट्या कोशात काय हवं ते आधीच कळलं असतं. सव्वीसपैकी निम्मे शब्द नंतर, चूक झाल्यावर आलेत.

मागच्या शनिवारी ‘कच्चा’त तीन शब्द होते. ‘स्वयंपुनर्विकास’ लगेच पक्क्यात गेला, ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमुळे तो आता आठवड्याला लागतो. ‘मानीव’ही गेला. तिसरा ‘वारसान’. मॅडमच्या मते तो जुन्या दस्तांतला रुळलेला शब्द आहे, ठेवावा. मला भीती ‘वारसांना’ची वाटते: काना आणि अनुस्वार राहिला की नेमका ‘वारसान’ उरतो. तो अजून कच्च्यातच आहे.